पाणथरी वाढली, पाणथरी काढली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थॅलेसेमिया आणि सिकलसेलच्या मुलांचे पालक, लिव्हरचे रुग्ण आणि अपघातानंतर पाणथरी काढावी लागलेली माणसे मला जे प्रश्न पुन्हापुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. मी रक्ततपासणीचे काम करते, त्यामुळे काचपट्टीवर काय दिसते यावर थोडे जास्त लिहिले आहे. तुम्हाला सध्या ताप असेल आणि पाणथरी काढलेली असेल, तर बाकी काही वाचू नका. थेट प्रश्न ७ वाचा आणि निघा.

१. पाणथरी कुठे असते आणि ती नेमके काय करते?

पोटात डाव्या बाजूला, बरगड्यांच्या आत, जठराच्या मागे. प्लीहा म्हणा, पाणथरी म्हणा किंवा रिपोर्टमधली ‘स्प्लीन’ म्हणा, अवयव एकच. मोठ्या माणसात तिचे वजन साधारण १५० ग्रॅम भरते आणि निरोगी असताना ती हाताला लागत नाही.

तिचे काम समजायचे असेल तर रक्त तिच्यातून कसे जाते ते पाहावे लागते. बाकी बहुतेक अवयवांत रक्त धमनीतून केशवाहिनीत आणि तिथून शिरेत असे बंद नळीतून वाहते. पाणथरीत मात्र काही रक्त नळीबाहेर, पेशींच्या जाळीत सोडले जाते. तिथे भक्षक पेशी बसलेल्या असतात. या जाळीतून परत शिरेत यायचे तर तांबड्या पेशीला एक-दोन मायक्रॉनच्या फटीतून अंग आक्रसून निघावे लागते, आणि तिचा स्वतःचा व्यास असतो सात-आठ मायक्रॉन. तरुण, लवचीक पेशी सहज निघते. म्हातारी, ताठर किंवा गोल झालेली पेशी अडकते आणि भक्षक पेशी तिला खातात. रक्त इथे संथ वाहते, म्हणून रक्तात शिरलेले जंतूही इथेच पकडले जातात. शिवाय एकूण प्लेटलेट्सपैकी सुमारे एक तृतीयांश कोणत्याही क्षणी पाणथरीत साठलेल्या असतात. पुढच्या बहुतेक उत्तरांचे मूळ या परिच्छेदात आहे.

२. सोनोग्राफीत ‘स्प्लीनोमेगाली’ लिहिले आहे. म्हणजे मला हायपरस्प्लेनिझम झाला का?

नाही, तेवढ्यावरून नाही. स्प्लीनोमेगाली म्हणजे पाणथरी आकाराने वाढली, एवढेच. मलेरिया, विषमज्वर किंवा एखाद्या विषाणूच्या तापानंतरही ती काही काळ वाढलेली राहते.

हायपरस्प्लेनिझम म्हणायला चार गोष्टी जुळाव्या लागतात. पाणथरी मोठी असते. रक्तातल्या तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स यांपैकी एक किंवा अधिक कमी झालेल्या असतात. हाडातला मगज मात्र व्यवस्थित, बऱ्याचदा नेहमीपेक्षा जोरात पेशी तयार करत असतो. आणि पाणथरी काढली तर आकडे सुधारतात. चौथी गोष्ट अर्थातच मागाहून कळते, म्हणून प्रत्यक्षात पहिल्या तीनवर निदान होते. मगज चालतो की नाही हे पाहणे यात सगळ्यात महत्त्वाचे, कारण रक्ताच्या कर्करोगातही पाणथरी वाढते आणि पेशी कमी होतात. तिथे दोष कारखान्यातच असतो.

पेशी कमी का होतात? थोड्या नष्ट होतात, पण बऱ्याचशा नुसत्या अडकून पडतात. पाणथरी खूप वाढली की एरवी एक तृतीयांश प्लेटलेट्स साठवणारी जागा नव्वद टक्क्यांपर्यंत प्लेटलेट्स स्वतःकडे ठेवू शकते. त्या मेलेल्या नसतात, रक्ततपासणीच्या नळीत येत नाहीत इतकेच.

३. लिव्हर सिरॉसिस आहे, प्लेटलेट्स ६०,००० आहेत. पाणथरी काढली तर वाढतील ना? मग का काढत नाहीत?

वाढतील, पण त्यासाठी ती काढणे बहुधा चुकीचे ठरते. सिरॉसिसमध्ये लिव्हर कडक झाल्यामुळे आतड्यांकडून आणि पाणथरीकडून येणारे रक्त पुढे सरकत नाही. दाब मागे साचतो आणि पाणथरी फुगते. म्हणजे पाणथरी इथे रोगाचे मूळ नाही. शिवाय ६०,००० प्लेटलेट्स असताना आपोआप रक्तस्राव होणे विरळच. या रुग्णांना खरा धोका असतो तो अन्ननलिकेच्या तळाशी फुगलेल्या शिरा फुटण्याचा. त्यावर औषधे आहेत, दुर्बिणीतून शिरा बांधण्याचा उपाय आहे.

पाणथरी काढल्यावर पोर्टल शिरेत, म्हणजे हेच रक्त लिव्हरकडे नेणाऱ्या शिरेत, गुठळी होण्याची भीती असते, आणि पुढे लिव्हर बदलण्याची वेळ आली तर ती गुठळी शस्त्रक्रिया अवघड करून ठेवते. त्यात प्रश्न ५ मधला जंतुसंसर्गाचा धोका मिळवा. रिपोर्टवरचा आकडा सुंदर दिसावा म्हणून हा अवयव काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुलांमधला एक प्रकार वेगळा धरावा लागतो. काही मुलांचे लिव्हर चांगले असते, पण लिव्हरच्या बाहेरच पोर्टल शीर बंद झालेली असते. मूल खेळते-बागडते, आणि एक दिवस रक्ताची उलटी होते. तपासताना पाणथरी मोठी सापडते. इथे शल्यविशारद शिरांची जोडणी करून दाब उतरवण्याचा विचार करतात, आणि त्यातल्या एका पद्धतीत पाणथरी काढली जाते. हा निर्णय त्या मुलाच्या शिरांचा नकाशा पाहूनच होतो.

४. माझ्या मुलीला थॅलेसेमिया मेजर आहे. पाणथरी काढायची वेळ आली हे कसे ठरवतात?

मुख्यतः रक्ताच्या हिशेबावरून. म्हणून दर वेळी किती मिलिलिटर रक्त चढवले आणि त्या दिवशी वजन किती होते, हे वहीत लिहून ठेवा. ही वही डॉक्टरांना फार उपयोगी पडते.

उदाहरण घेऊ. समजा, गेल्या वर्षी मुलीचे वजन १८ किलो होते आणि दर चार आठवड्यांनी २५० मिलिलिटर तांबड्या पेशी दिल्या. वर्षात १३ वेळा, म्हणजे ३,२५० मिलिलिटर. भागिले १८, म्हणजे किलोमागे सुमारे १८० मिलिलिटर. या वर्षी वजन २० किलो आहे, पण हिमोग्लोबिन टिकत नाही म्हणून दर तीन आठवड्यांनी ३०० मिलिलिटर द्यावे लागते. वर्षात १७ वेळा, म्हणजे ५,१०० मिलिलिटर, किलोमागे २५५. वजन थोडेच वाढले, गरज मात्र खूप वाढली. किलोमागे वर्षाला साधारण २०० ते २२० मिलिलिटरच्या वर गरज गेली आणि पाणथरीही मोठी आहे, तर दिलेले रक्त तीच खात आहे असा संशय घेतात. वाढत्या रक्ताबरोबर शरीरात लोहही वाढते, म्हणून हे दुर्लक्षून चालत नाही.

पण आकडा ओलांडला म्हणजे लगेच शस्त्रक्रिया, असे नाही. आधी पाहायचे की रक्त पुरेसे आणि वेळेवर दिले जात होते का. हिमोग्लोबिन सतत सहा-सातवर ठेवलेल्या मुलांची पाणथरी त्यामुळेच वाढते, आणि काहींमध्ये नियमित रक्त सुरू केल्यावर ती आकसते. दुसरे म्हणजे, दात्यांच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली नाहीत ना, ही तपासणी करायची. कारण तसे असेल तर पाणथरी काढून प्रश्न सुटणार नाही. आणि मूल पाच-सहा वर्षांचे होईपर्यंत शक्यतो थांबायचे. कारण पुढच्या उत्तरात आहे.

५. पाणथरीशिवाय माणूस जगतो असे डॉक्टरच म्हणाले. मग इन्फेक्शनची एवढी भीती कशाला?

दोन्ही खरे आहे. तांबड्या पेशी गाळण्याचे काम लिव्हर आणि मगज बऱ्यापैकी उचलतात. एका विशिष्ट प्रकारच्या जंतूंसमोर मात्र जागा रिकामीच राहते.

न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिमोफिलस इन्फ्लुएन्झा टाइप बी या जंतूंभोवती साखरेच्या रेणूंचे निसरडे कवच असते. भक्षक पेशीला ते पकडता येत नाहीत. आधी कवचावर प्रतिपिंडे आणि पूरक प्रथिने चिकटावी लागतात, म्हणजे धरायला मूठ मिळते. जंतूवर असा भरपूर लेप बसला असेल तर लिव्हरमधल्या भक्षक पेशीही तो उचलतात. लेप तुटपुंजा असेल, म्हणजे शरीराने हा जंतू पूर्वी पाहिलेला नसेल, तर तो रक्तातून काढणे जवळजवळ एकट्या पाणथरीला जमते, कारण तिथे रक्त संथ असते आणि जंतू भक्षक पेशींच्या संगतीत जास्त वेळ राहतो.

दुसरे काम याहून नाजूक आहे. साखरेच्या कवचाविरुद्ध टी पेशींच्या मदतीवाचून झटपट आयजीएम प्रतिपिंडे बनवणाऱ्या खास बी पेशी पाणथरीतल्या पांढऱ्या गाभ्याच्या कडेला असतात. पाणथरी गेली की पकडणारे हात जातात आणि ती मूठ बसवणारेही जातात. दोन वर्षांखालच्या बाळांत या बी पेशी अजून पक्व झालेल्या नसतात, म्हणूनच लहान वयात पाणथरी काढणे जास्त धोक्याचे.

हे वैद्यकाला उशिरा कळले. १९५२ मध्ये अमेरिकेत किंग आणि शूमाकर या शल्यविशारदांनी जन्मजात रक्तविघटनाच्या आजारासाठी पाणथरी काढलेल्या पाच तान्ह्या बाळांची हकीगत छापली. त्या बाळांना नंतर गंभीर संसर्ग झाले होते. त्याआधी पाणथरी हा निरुपयोगी अवयव समजून सहज काढला जाई.

६. धोका किती आहे? आणि किती वर्षे राहतो?

आयुष्यभर राहतो. पहिली दोन-तीन वर्षे सगळ्यात जास्त, पण वीस-तीस वर्षांनंतरही असे संसर्ग झालेले आहेत. संपूर्ण आयुष्याचा हिशेब केला तर धोका साधारण शंभरात पाचपर्यंत धरला जातो. म्हणजे बहुतेकांना तो कधीच होत नाही. पण ज्यांना होतो त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण निम्म्याच्या आसपास सांगितले जाते.

कोणत्या कारणासाठी पाणथरी काढली यावरही धोका ठरतो. अपघातात काढलेल्या निरोगी तरुणाला तो तुलनेने कमी. थॅलेसेमिया, सिकलसेल किंवा रक्ताच्या कर्करोगासाठी काढली असेल तर जास्त.

७. पाणथरी नाही आणि ताप आला. नेमके काय करायचे?

ताप १०१ फॅरनहाइटच्या पुढे गेला, किंवा ताप कमी असूनही हुडहुडी भरली, तर दवाखाना उघडायची वाट न पाहता ज्या रुग्णालयात शिरेतून प्रतिजैविक देता येते तिथे जायचे. रात्र असली तरी. क्रोसिन घेऊन सकाळपर्यंत बघू, असे या एका बाबतीत चालत नाही.

कारण वेग. अनुकूल वातावरणात न्यूमोकोकसची संख्या साधारण अर्ध्या तासात दुप्पट होते. तसेच चालू राहिले तर पाच तासांत एकाचे हजार. शरीरात थोडा अटकाव होतो, पण पाणथरी नसताना फारसा नाही. सुरुवात अगदी साधी असते: अंगदुखी, घसा खवखवणे, उलटी, जुलाब. घरच्यांना वाटते, साथ चालू आहे. संध्याकाळी कसकस, मध्यरात्री थंडी वाजून ताप, पहाटे हातपाय गार आणि थोडी भ्रमिष्ट बडबड, सकाळी रक्तदाब लागत नाही, अंगावर जांभळे डाग. पूर्ण चित्र २४ ते ४८ तासांत उभे राहते. एरवी जंतू रक्तात असले तरी काचपट्टीवर दिसत नाहीत, ते कल्चरमध्ये वाढवावे लागतात. अशा रुग्णात कधीकधी साध्या काचपट्टीवर ते थेट दिसतात, इतके ते असतात.

रुग्णालयात पोहोचताच पहिले वाक्य हे बोला: ‘माझी पाणथरी काढलेली आहे.’ मग लक्षणे. ड्यूटीवरच्या डॉक्टरांना पोटावरचा व्रण दाखवा. प्रतिजैविकाआधी कल्चरसाठी रक्त घेतलेले चांगले, पण त्यासाठी प्रतिजैविक लांबवायचे नसते. मोठे रुग्णालय तासाभराच्या पलीकडे असेल, उदाहरणार्थ धडगाव किंवा भामरागडच्या आतल्या पाड्यावर, तर आपल्या डॉक्टरांकडून आधीच लिहून घेतलेला प्रतिजैविकाचा पहिला डोस घरात हवा. ताप येताच तो घ्यायचा आणि निघायचे. गोळी घेतली म्हणून जाणे रद्द करायचे नाही. कोणती गोळी आणि किती हे वय, वजन आणि ॲलर्जी पाहून ठरते, म्हणून इथे लिहीत नाही.

पाकिटात एक चिठ्ठीही ठेवा: पाणथरी नाही, कोणत्या वर्षी काढली, कोणत्या लशी झाल्या, कशाची ॲलर्जी. बेशुद्ध माणसाला पहिले वाक्य बोलता येत नाही.

८. कोणत्या लशी घ्यायच्या, आणि ऑपरेशनच्या आधी की नंतर?

शस्त्रक्रिया ठरवून होणार असेल तर किमान दोन आठवडे आधी. अपघातात तातडीने काढावी लागली तर साधारण दोन आठवड्यांनी. तोवर शरीर सावरते आणि प्रतिसाद चांगला येतो. रुग्ण परत येईल याची खात्री नसेल तर मात्र घरी सोडण्याआधीच दिलेली बरी.

न्यूमोकोकसची लस सगळ्यात महत्त्वाची. तिचे दोन प्रकार आहेत. कॉन्ज्युगेट लशीत कवचाची साखर एका प्रथिनाला जोडलेली असते, त्यामुळे टी पेशी मदतीला येतात आणि पाणथरी नसतानाही स्मृती तयार होते. दुसरी पॉलिसॅकराइड लस नुसत्या साखरेची, पण ती न्यूमोकोकसच्या २३ प्रकारांवर चालते. रूढ क्रम असा: आधी कॉन्ज्युगेट, किमान आठ आठवड्यांनी पॉलिसॅकराइड, आणि पाच वर्षांनी तिचा पुन्हा एक डोस. मोठ्या माणसाला २० प्रकारांची नवी कॉन्ज्युगेट लस मिळाली तर बहुधा दुसरी लागत नाही.

मेनिंगोकोकसच्या चार प्रकारांवरच्या कॉन्ज्युगेट लशीचे दोन डोस आठ आठवड्यांच्या अंतराने आणि पुढे दर पाच वर्षांनी एक. हिबची, म्हणजे हिमोफिलस इन्फ्लुएन्झा टाइप बीची, लस पूर्वी झाली नसेल तर एक डोस. हल्लीच्या मुलांना ती पेंटाव्हॅलंटमधून मिळालेली असते. फ्लूची लस दरवर्षी, कारण फ्लूच्या पाठोपाठ न्यूमोकोकस येतो. गोवर किंवा कांजिण्यांसारख्या जिवंत लशी केवळ पाणथरी नाही म्हणून वर्ज्य नाहीत. मूळ आजार किंवा औषधे आड येत असतील तर गोष्ट वेगळी.

९. सगळ्या लशी झाल्या. आता पेनिसिलिन कशाला?

लस जंतूंच्या काही प्रकारांवर चालते, सगळ्यांवर नाही; आणि पाणथरी नसलेल्याचा लशीला प्रतिसादही कधीकधी कमी पडतो. लहान मुलांना निदान पाच वर्षांपर्यंत, आणि शस्त्रक्रियेनंतरची पहिली एक-दोन वर्षे रोज तोंडाने पेनिसिलिन देण्याची पद्धत आहे. धोका जास्त असलेल्यांना त्याहून लांब. सिकलसेलच्या लहान मुलांवर झालेल्या आणि १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत रोजच्या पेनिसिलिनने न्यूमोकोकसचे संसर्ग ८४ टक्क्यांनी कमी झाले होते. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी वेळेआधी थांबवली गेली.

१०. पाणथरी काढून वर्ष झाले. रिपोर्टमध्ये ‘हॉवेल-जॉली बॉडीज, टार्गेट सेल्स’ लिहिले आहे. कॅन्सर आहे का?

नाही. पाणथरी नसल्याची ही सही आहे, आणि ती दिसणे अपेक्षितच आहे. उलट दिसली नाही तर मी कान टवकारते (प्रश्न १५).

तांबडी पेशी मगजात तयार होताना तिच्यात केंद्रक असते. रक्तात उतरण्याआधी ती ते बाहेर टाकते. काही पेशींत त्याचा बारीकसा कण मागे राहून जातो. पाणथरीच्या फटीतून निघताना पेशीचे मऊ अंग पुढे सरकते, ताठर कण मात्र अडकतो. भक्षक पेशी तेवढा कण चिमटून काढते आणि पेशी अखंड पुढे जाते. पाणथरी नसेल तर हा कण पेशीत तसाच राहतो. लीशमन रंग दिलेल्या काचपट्टीवर तो गोल, गडद जांभळा, साधारण एक मायक्रॉनचा, बहुधा पेशीच्या कडेजवळ एकटाच दिसतो.

टार्गेट सेल्सचे कारण निराळे. मगजातून नुकत्या आलेल्या पेशीचे आवरण आतल्या मालाच्या मानाने मोठे असते, आणि पाणथरी ते छाटते. छाटणी झाली नाही की जादा आवरण मध्ये उचलले जाते आणि पेशी नेमबाजीच्या लक्ष्यासारखी वर्तुळात वर्तुळ दिसते. याखेरीज अणकुचीदार काट्यांच्या पेशी दिसतात, आणि थॅलेसेमियाच्या मुलांत लोहाचे बारीक निळसर कण, पॅपेनहायमर बॉडीज, घोळक्याने दिसतात.

दोन सावधगिऱ्या. यंत्र हे कण ओळखेलच असे नाही, म्हणून पाणथरीबद्दल प्रश्न असेल तर ‘काचपट्टी डोळ्यांनी पाहून रिपोर्ट द्या’ असे कागदावर लिहून मागा. आणि तांबड्या पेशीवर बसलेली प्लेटलेट हॉवेल-जॉलीसारखी भासू शकते. प्लेटलेटभोवती फिकट कडा असते, कणाभोवती नसते. बी-१२च्या कमतरतेतही हे कण दिसतात, तेव्हा पाणथरी शाबूत असलेल्या माणसाच्या रिपोर्टमध्ये ते आले तर आधी बी-१२ आणि फॉलिक ॲसिड पाहायला हवे.

११. मुलाला हेरिडिटरी स्फेरोसायटोसिस होता. ऑपरेशननंतर हिमोग्लोबिन नॉर्मल आहे, तरी रिपोर्टमध्ये ‘स्फेरोसाइट्स’ येतातच. ऑपरेशन फसले का?

फसले नाही. दोष तांबड्या पेशीच्या आवरणात, जन्मापासून आहे. तो शस्त्रक्रियेने जात नाही. पेशी गोलच तयार होणार. आधी त्या फटीत अडकून मरत होत्या, आता मारणारी जागा राहिली नाही, म्हणून जगतात. त्याच काचपट्टीवर आता हॉवेल-जॉली बॉडीजही दिसतील. हिमोग्लोबिन टिकले, कावीळ गेली, तर शस्त्रक्रिया यशस्वी.

१२. थॅलेसेमियासाठी पाणथरी काढली. आता पांढऱ्या पेशी ३८,००० आल्या. ल्युकेमिया की इन्फेक्शन?

कदाचित दोन्ही नाही. थॅलेसेमियात मगज घाईघाईने केंद्रकासकट तांबड्या पेशी रक्तात सोडतो. पाणथरी असताना त्यातल्या बऱ्याच ती अडवते. ती गेली की या पेशी रक्तात गर्दी करतात आणि अनेक यंत्रे केंद्रक पाहून त्यांना पांढऱ्या पेशींत मोजतात. मग हाताने दुरुस्ती करावी लागते. काचपट्टीवर १०० पांढऱ्या पेशी मोजताना किती केंद्रकयुक्त तांबड्या पेशी दिसल्या ते पाहायचे आणि हा हिशेब करायचा:

खरा आकडा = यंत्राचा आकडा × १०० ÷ (१०० + केंद्रकयुक्त तांबड्या पेशी)

समजा अशा २८० पेशी दिसल्या. ३८,००० × १०० ÷ ३८० = १०,०००. म्हणजे घाबरण्यासारखे काही नाही. रिपोर्टवर ‘करेक्टेड काउंट’ लिहिले आहे का ते पाहा. नसेल तर प्रयोगशाळेला फोन करून विचारा. पाणथरी काढलेल्या कोणाचाही आकडा एरवीही थोडा वर राहतो, म्हणून प्रकृती ठीक असतानाचा आपला नेहमीचा आकडा टिपून ठेवावा. तापात मात्र आकड्याच्या भरवशावर थांबायचे नाही.

१३. ऑपरेशननंतर प्लेटलेट्स ९ लाख झाल्या. रक्त गोठेल का?

साठवायची जागा गेली, म्हणून आकडा वाढतो. पहिल्या एक ते तीन आठवड्यांत तो सर्वाधिक असतो, मग बऱ्याच जणांत काही आठवडे-महिन्यांत उतरतो. नुसत्या या आकड्यावर धावपळ नको. ॲस्पिरिन द्यायची की नाही हे मूळ आजार पाहून डॉक्टर ठरवतात. लक्ष ठेवायचे ते पोटदुखीवर. शस्त्रक्रियेनंतरच्या आठवड्यांत पोट दुखू लागले, ताप आला, मळमळ सुरू झाली, तर पोर्टल शिरेत गुठळी आहे का हे डॉप्लर सोनोग्राफीने पाहून घ्या. थॅलेसेमिया आणि खूप मोठ्या पाणथरीच्या रुग्णांत ही शक्यता जास्त.

१४. मुलाला सिकलसेल आहे. पाणथरी काढलेली नाही, सोनोग्राफीत दिसते. मग पाणथरी नसल्यासारखी काळजी का घ्यायला सांगतात?

कारण पाणथरी असणे आणि ती काम करणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. ऑक्सिजन कमी झाला की सिकल पेशी ताठर होते, आणि पाणथरीत रक्त संथ, फटी अरुंद. तिथेच रक्तपुरवठा पुन्हापुन्हा तुंबतो, आधी काम बंद पडते आणि पुढे ती आकसून नुसता व्रण उरतो. मोठी पाणथरीही निकामी असू शकते, हे हॉवर्ड पिअरसन आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये किरणोत्सारी स्कॅनने दाखवले. हाताला लागणारी पाणथरी स्कॅनवर उमटलीच नाही. अशा मुलाच्या काचपट्टीवर हॉवेल-जॉली बॉडीज दिसल्या तर अर्थ तोच.

भारतात एक फरक आहे. नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर या भागांत आढळणाऱ्या सिकलसेलमध्ये गर्भावस्थेतल्या प्रकारचे हिमोग्लोबिन जास्त टिकून राहते. त्यामुळे पाणथरी आफ्रिकी वंशाच्या रुग्णांपेक्षा उशिरापर्यंत शाबूत आणि मोठी राहते. याचा फायदा होतो, पण हायपरस्प्लेनिझम आणि एकदम रक्त साठण्याचा झटका यांचा धोकाही मोठ्या वयापर्यंत राहतो.

हा झटका पालकांनी ओळखायलाच हवा. काही तासांत रक्ताचा मोठा भाग पाणथरीत अडकतो, हिमोग्लोबिन नेहमीच्या आकड्यापेक्षा दोन ग्रॅम किंवा जास्त उतरते. मूल एकाएकी पांढरेफटक पडते, मलूल होते, डावीकडे पोट फुगते. म्हणून मूल बरे असताना परिचारिकेकडून किंवा डॉक्टरांकडून डाव्या बरगडीखाली पाणथरी कशी चाचपायची ते शिकून घ्या. ती नेहमी किती बोटे लागते हे माहीत असेल तरच वाढल्याचे कळते. वाढलेली आणि मूल पांढरे, तर लगेच रुग्णालय.

१५. अपघातात पाणथरी फाटली होती. डॉक्टर म्हणतात तुकडे रुजतात, काहींना उपपाणथरीही असते. मग धोका नाही ना?

दर दहा माणसांत एक-दोघांना जन्मतःच छोटी उपपाणथरी असते, आणि फाटलेल्या पाणथरीचे कण पोटात रुजून वाढतात हेही खरे. काचपट्टीवर त्याचा पुरावा मिळतो: हॉवेल-जॉली बॉडीज कमी दिसतात किंवा दिसतच नाहीत. पण काही तांबड्या पेशी साफ करणे आणि रक्तात शिरलेला न्यूमोकोकस रोखणे ही कामे सारखी अवघड नाहीत. रुजलेल्या तुकड्यांना मूळ धमनीचा रक्तपुरवठा नसतो. तुकडे रुजलेल्या माणसांनाही प्राणघातक संसर्ग झाले आहेत, तेव्हा लशी आणि तापाचा नियम त्यांना तसाच लागू.

स्फेरोसायटोसिस किंवा प्लेटलेट्सच्या आयटीपी आजारासाठी पाणथरी काढली आणि काही वर्षांनी आजार उलटला, तर हीच उपपाणथरी वाढलेली असू शकते. पूर्वी दिसणाऱ्या हॉवेल-जॉली बॉडीज नाहीशा होणे ही तिची पहिली चाहूल. म्हणून जुने रिपोर्ट जपून ठेवा. धमनीसकट पाणथरीचा काही भाग मुद्दाम राखलेला असेल, तर ती बाब वेगळी. तो भाग खरेच काम करू शकतो, तरी लशी घ्यायच्याच.

१६. कुत्रा चावला, किंवा मलेरियाच्या भागात जायचे आहे. वेगळे काय करायचे?

कुत्र्याच्या तोंडात कॅप्नोसायटोफॅगा नावाचा जंतू असतो. धडधाकट माणसाला तो फारसा त्रास देत नाही, पाणथरी नसलेल्याच्या रक्तात मात्र झपाट्याने पसरू शकतो. म्हणून जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन, रेबीजच्या लशीबरोबरच प्रतिजैविकही त्याच दिवशी सुरू करायचे, ओरखडा छोटा वाटला तरी. रेबीजच्या लशीच्या रांगेत हे दुसरे बहुधा राहून जाते, तेव्हा तुम्हीच सांगा.

मलेरियाग्रस्त पेशी गाळणे आणि परजीवी पेशीतून उपटून काढणे हेही पाणथरीचेच काम. ती नसेल तर आजार जास्त तीव्र होऊ शकतो. गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात जाण्याआधी प्रतिबंधक गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा, मच्छरदाणी न्या. उपचार लागू पडल्यावरही मेलेल्या परजीवींचे अवशेष काचपट्टीवर बरेच दिवस दिसत राहतात, कारण ते साफ करणारा अवयव नाही. औषध लागू पडले नाही असा निष्कर्ष त्यावरून काढण्याआधी रुग्णाला पाणथरी नाही हे प्रयोगशाळेला कळवलेले असावे.

१७. मधुमेहही आहे. एचबीएवनसी तपासणी बरोबर येते का?

तिच्यावर एकटीवर विसंबू नका. ही तपासणी तांबडी पेशी किती दिवस जगते यावर अवलंबून असते. हायपरस्प्लेनिझममध्ये पेशी लवकर मरतात, त्यांच्यावर साखर चढायला वेळच मिळत नाही आणि आकडा खोटा कमी येतो. पाणथरी काढल्यावर म्हाताऱ्या पेशी जास्त काळ फिरत राहिल्या तर तोच आकडा खोटा जास्त येऊ शकतो. नुकतेच रक्त चढवले असेल तर दात्याची साखर मोजली जाते. घरच्या ग्लुकोमीटरवर उपाशीपोटी आणि जेवणानंतरच्या नोंदी ठेवा आणि त्याच डॉक्टरांना दाखवा.